विमान चुकले, भाडे गेले. विमानतळाचे शुल्क मात्र परत मिळाले : परभणीच्या एका कुटुंबाचे प्रकरण

हे प्रकरण 2024 च्या पावसाळ्यातील आहे आणि परताव्याच्या पाठपुराव्यात मी या कुटुंबाला मदत केली होती. कुटुंबाची, विमान कंपनीची आणि तिकीट काढून देणाऱ्या एजंटाची ओळख झाकली असून तिकिटातील आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे सरळ करून घेतले आहेत. एव्हिएशन सिक्युरिटी फीचा, म्हणजे विमानतळावरील सुरक्षा शुल्काचा, आकडा मात्र जसाच्या तसा आहे, कारण देशांतर्गत प्रवासासाठी तो सर्वांना एकच असतो.

## पार्श्वभूमी

परभणीतील एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या सरांनी स्वतःसाठी, पत्नीसाठी आणि दोन मुलांसाठी छत्रपती संभाजीनगर ते दिल्ली अशी एकेरी तिकिटे काढली होती. मुलीच्या प्रवेशासाठी कागदपत्रांची पडताळणी तिसऱ्या दिवशी दिल्लीत होती. तिकिटे शहरातील एका एजंटाकडून काढली, त्याने ती एका ऑनलाइन पोर्टलवरच्या आपल्या एजन्सी खात्यातून घेतली आणि पैसे सरांनी त्याला यूपीआयने दिले. भाडे सवलतीचे होते आणि त्यावर ‘परतावा नाही’ अशी स्पष्ट अट होती. ही अट सरांना सांगितली गेली होती, त्यामुळे फसवणुकीचा प्रश्न या प्रकरणात कुठेच येत नाही.

विमान सकाळचे असल्याने कुटुंब मध्यरात्रीनंतर भाड्याच्या गाडीने जिंतूर-मंठा मार्गे निघाले. रात्रभर पाऊस होता. मंठ्याच्या अलीकडे ओढ्याचे पाणी पुलावरून जात असल्याने गाड्या थांबवल्या होत्या. पाणी उतरायला काही तास लागले आणि गाडी जालन्यात पोचली तेव्हा विमान सुटून गेले होते. चिकलठाण्याच्या विमानतळापर्यंत जाण्यात अर्थ उरला नव्हता, म्हणून कुटुंब जालना स्थानकावरच उतरले आणि दुपारच्या सचखंड एक्स्प्रेसने, मिळेल त्या डब्यातून, दिल्लीला गेले. पडताळणी वेळेत झाली. परतीचे विमानाचे तिकीट वेगळ्या पीएनआरवर होते, त्यामुळे ते शाबूत राहिले. एकाच पीएनआरवर जाण्या-येण्याची तिकिटे असती, तर पहिला टप्पा चुकल्यावर काही कंपन्या पुढचा टप्पाही रद्द करतात.

एक तपशील इथेच नोंदवायला हवा, कारण पुढे त्याने बराच घोळ घातला. आदल्या संध्याकाळी मुलाने चौघांचेही वेब चेक-इन करून बोर्डिंग पास मोबाइलवर घेऊन ठेवले होते.

## तिकिटाच्या रकमेत काय काय होते

सरांकडे तिकीट म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेली एक पीडीएफ होती आणि तिच्यात भाड्याचा रकानाच नव्हता. एजंट लोक ग्राहकाला देताना बहुधा रक्कम झाकलेली प्रत देतात, कारण मूळ किंमत दिसली की त्यांचा मोबदला उघड होतो. त्यामुळे परतावा मागायचा तर तो कशाचा आणि किती, हे सरांना सांगताच येत नव्हते. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर आणि आडनाव टाकून जीएसटीचे बिल उतरवून घेतले, तेव्हा प्रत्येक प्रवाशाचा हिशेब समोर आला.

मूळ भाडे 3,200 रुपये होते. कंपनीची स्वतःची इतर आकारणी 100 रुपये होती आणि या दोन्हींवर 5 टक्के दराने 165 रुपये जीएसटी लागला होता. एव्हिएशन सिक्युरिटी फी 236 रुपये आणि युजर डेव्हलपमेंट फी 354 रुपये होती. एका तिकिटाचे 4,055 आणि चौघांचे मिळून 16,220 रुपये होत होते. एजंटाने माणशी 200 रुपये आपले धरून 17,020 घेतले होते, आणि त्या 800 रुपयांबद्दल सरांची तक्रारही नव्हती.

यातील 236 आणि 354 हे दोन आकडे या प्रकरणाचा गाभा आहेत. एव्हिएशन सिक्युरिटी फी एप्रिल 2021 पासून देशांतर्गत प्रवाशाला 200 रुपये आहे. तिच्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 236 होतात. विमानतळावरील सुरक्षेच्या खर्चासाठी ती गोळा केली जाते आणि नॅशनल एव्हिएशन सिक्युरिटी फी ट्रस्टकडे जमा होते. युजर डेव्हलपमेंट फी विमानतळ चालवणाऱ्या संस्थेची असते आणि प्रत्येक विमानतळावर तिचा दर वेगळा असतो. दोन्ही रकमा कंपनी तिकिटाबरोबर गोळा करते, पण त्या कंपनीच्या नसतात. कंपनी त्या पुढे पोचवणारी मधली कडी असते. ही देणी ठरतात ती विमानात प्रत्यक्ष बसलेल्या माणसांच्या संख्येवर. जो प्रवासी चढलाच नाही, त्याच्यापोटी कंपनीला पुढे काही द्यावे लागत नाही. म्हणजे प्रवाशाने मागितले नाही, तर ही रक्कम ट्रस्टकडेही जात नाही आणि विमानतळाकडेही जात नाही, ती कंपनीच्या खात्यात पडून राहते. परताव्याचा नियम का आहे, हे एवढ्यावरून कळते.

ज्या कंपन्या जुन्या पद्धतीचे ई-तिकीट देतात, त्यांच्या तिकिटावर ही नावे पूर्ण लिहिलेली नसतात. तिथे सुरक्षा शुल्कासमोर P2, युजर डेव्हलपमेंट फीसमोर IN आणि जीएसटीसमोर K3 असे संकेत दिसतात. त्याच रकान्यात YQ किंवा YR असाही संकेत असू शकतो. तो कराच्या रांगेत छापलेला असला तरी कर नसतो, कंपनीचा स्वतःचा अधिभार असतो, आणि त्याचे भवितव्य भाड्याबरोबरच ठरते.

## अडचण

दिल्लीहून परतल्यावर सर एजंटाकडे गेले. एजंटाचे उत्तर सरळ होते : “सर, नो-शो झालं की त्यात काही येत नसतं. तिकीटच नॉन-रिफंडेबल होतं.” नो-शो म्हणजे तिकीट असूनही प्रवाशाने विमानाला न येणे. तो खोटे बोलत नव्हता, त्याला तसेच वाटत होते. आपल्याकडे बहुतेक एजंट भाडे आणि शुल्क यांत फरकच करत नाहीत, कारण त्यांच्या पडद्यावर रद्द करण्याचे बटण तोवर नाहीसे झालेले असते.

इथे तर पोर्टलवर चौघांचाही प्रवास ‘पूर्ण’ असा दिसत होता. वेब चेक-इन झालेले होते आणि उड्डाणाची वेळ उलटून गेली होती, एवढ्यावरून पोर्टलने प्रवास झाला असे धरले होते. मुळात चेक-इन होणे आणि विमानात चढणे या कंपनीच्या यंत्रणेत दोन वेगळ्या नोंदी असतात. बोर्डिंग पास गेटवर स्कॅन झाला तरच दुसरी नोंद होते. कुटुंब विमानतळावर गेलेच नसल्याने ती नोंद असणे शक्य नव्हते, पण पोर्टलला ती दिसत नाही, फक्त कंपनीला दिसते.

तिसरी अडचण ओळखीची होती. बुकिंगमध्ये ईमेल आणि मोबाइल क्रमांक एजंटाचे होते. सरांनी स्वतःच्या ईमेलवरून कंपनीला लिहिले, तर हा पत्ता बुकिंगमध्ये नोंदलेला नाही, म्हणून माहिती देता येत नाही, असे उत्तर आले. कंपनीची ही सावधगिरी वाजवी आहे; पीएनआर माहीत असलेला कोणीही उद्या परतावा मागू लागला तर कसे चालेल? पण तिचा परिणाम असा झाला, की ज्याचे पैसे गेले होते त्याला बोलता येत नव्हते आणि ज्याला बोलता येत होते त्याला त्यात रस नव्हता.

## नियम नेमके काय म्हणतो

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्समध्ये विभाग 3, मालिका एम, भाग 2 हा तिकिटांच्या परताव्याविषयी आहे. 1 ऑगस्ट 2016 पासून लागू झालेल्या सुधारणेने त्यात असे स्पष्ट केले, की तिकीट रद्द झाले, वापरले गेले नाही किंवा प्रवासी आलाच नाही, तरी सर्व वैधानिक कर आणि युजर डेव्हलपमेंट फी, एअरपोर्ट डेव्हलपमेंट फी, पॅसेंजर सर्व्हिस फी ही शुल्के प्रवाशाला परत करायची आहेत. ही तरतूद सवलतीच्या आणि विशेष भाड्यांनाही लागू आहे, तसेच मूळ भाडे परत न मिळणारे असले तरीही लागू आहे. ‘परतावा नाही’ ही अट भाड्यापुरतीच मर्यादित राहते, ती इथून.

त्याच भागातील आणखी तीन तरतुदी या प्रकरणाला लागू पडत होत्या. तिकीट एजंटाकडून किंवा पोर्टलवरून घेतले असले, तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच राहते, कारण एजंट हा तिचा नेमलेला प्रतिनिधी मानला जातो. अशा वेळी परतावा पूर्ण करण्यासाठी त्या काळात 30 कामकाजाच्या दिवसांची मुदत होती. परतावा देण्यासाठी कंपनीने वेगळे शुल्क आकारायचे नाही. आणि रक्कम पुढच्या प्रवासासाठी कंपनीकडे जमा ठेवायची की हातात घ्यायची, हे प्रवाशाने ठरवायचे असते. मुदतींसारख्या तरतुदींत अधूनमधून सुधारणा होतात, म्हणून नवा अर्ज करणाऱ्याने डीजीसीएच्या संकेतस्थळावरील चालू मजकूर पाहूनच त्याचा दाखला द्यावा.

एक बारीक गोष्ट अशी, की नियमाच्या शब्दांत पॅसेंजर सर्व्हिस फी आहे आणि बिलावर मात्र एव्हिएशन सिक्युरिटी फी दिसते. पॅसेंजर सर्व्हिस फीमधील सुरक्षेचा भाग 2019 मध्ये काढून त्याच्या जागी ही नवी फी आली. त्यामुळे नावात फरक असला तरी ती त्याच तरतुदीत बसते, असा आमचा पवित्रा होता, आणि कंपनीने त्यावर वाद घातला नाही.

## कोणते पर्याय होते

मागता येण्याजोगी रक्कम माणशी 590, म्हणजे चौघांची 2,360 रुपये होती. सरांच्या पत्नीचे म्हणणे होते की दोन हजारांसाठी एवढी धावाधाव कशाला. हा विचार चुकीचा म्हणता येत नाही. काम किती वाढेल याचा अंदाज सुरुवातीला कोणालाच नव्हता, आणि रक्कम आणखी लहान असती, म्हणजे एकट्या प्रवाशाचे पाचशे-सहाशे रुपये असते, तर एक अर्ज करून उत्तराची वाट पाहण्यापलीकडे कोणी गेले नसते.

पोर्टलमार्फत मागणी करणे हा सर्वांत सोपा रस्ता दिसत होता. पोर्टलच्या मदत विभागात नो-शोच्या परताव्याचा अर्ज होता, पण त्यासाठी पोर्टल माणशी 300 रुपये सेवाशुल्क कापणार होते. वेगळे शुल्क न घेण्याचे बंधन विमान कंपनीवर आहे. पोर्टल आपल्या सेवेचे पैसे लावते, तेव्हा तो वाद वेगळ्या स्वरूपाचा होतो. 1,200 कापून 1,160 हातात येणार होते, म्हणजे निम्म्याहून कमी.

थेट विमान कंपनीकडे मागणी केली तर पूर्ण रक्कम मिळण्याची शक्यता होती, पण तिथे बुकिंगमधल्या ईमेलचा अडसर होता. कंपनीने दाद दिली नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येत होती. त्याच्याही पुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आणि शेवटी परभणीचा जिल्हा ग्राहक आयोग होता. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. म्हणजे विमान संभाजीनगरचे आणि कंपनीचे मुख्यालय दुसऱ्या राज्यात, यामुळे घाबरून जाण्याचे कारण नव्हते. तरी 2,360 रुपयांसाठी आयोगाच्या तारखांना जाणे शाळेच्या नोकरीत परवडणारे नव्हते, म्हणून तो पर्याय शेवटचा ठरवला.

आम्ही थेट कंपनीकडे जायचे ठरवले, आणि एजंटाला बाजूला न सारता बरोबर घेतले. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता. सर चिडलेले होते आणि एजंटाला टाळून पुढे जावे असे त्यांना वाटत होते. पण ईमेल त्याचे, मोबाइल त्याचा आणि पैसे भरलेले खातेही त्याचे. परतावा ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत जातो. त्याच्याशी बिनसले असते, तर कंपनीने पैसे दिल्यावरही ते सरांपर्यंत पोचले नसते.

## प्रत्यक्ष काय केले

एजंटाला त्याच्या दुकानात बसून जीएसटीचे बिल दाखवले. बिलातील ओळी पाहिल्यावर त्याचा सूर बदलला. त्यालाही वर्षाकाठी असे कितीतरी नो-शो होत असणार, हे त्याच्या लक्षात आले असावे. त्याने आपल्या नोंदणीकृत ईमेलवरून कंपनीच्या तक्रार विभागाला पत्र पाठवले आणि सरांचा पत्ता त्यात प्रत म्हणून जोडला. पत्रात आम्ही चार गोष्टी ठेवल्या आणि त्यापलीकडे काही लिहिले नाही. पीएनआर, प्रवाशांची नावे आणि उड्डाणाची तारीख पहिल्या परिच्छेदात दिली. चौघेही विमानात चढले नाहीत आणि वेब चेक-इन झालेले असले तरी बोर्डिंगची नोंद नाही, ती कंपनीने स्वतःच्या यंत्रणेत पडताळावी, असे दुसऱ्यात लिहिले. तिसऱ्यात मूळ भाडे मागत नाही असे नमूद करून फक्त 236 आणि 354 या दोन रकमा गुणिले चार, म्हणजे 2,360 रुपये, मागितले आणि डीजीसीएच्या तरतुदीचा विभाग, मालिका व भाग दिला. रक्कम जमा न ठेवता मूळ खात्यात परत करावी, हे चौथ्यात.

ओढ्याला पूर आला होता, रस्ता बंद होता, मुलीचा प्रवेश होता, हे सारे सरांना लिहायचे होते. आम्ही ते वगळले. नियमाला कारण लागत नाही. प्रवासी आला नाही एवढे पुरते. कारणे लिहिली की पत्र विनंतीसारखे वाचले जाते, वाचणारा ते भाडे परत मागण्याचे पत्र समजतो आणि भाडे परत मिळत नाही, असे ठरावीक उत्तर पाठवून मोकळा होतो.

एवढी काळजी घेऊनही पहिले उत्तर ठरावीकच आले : भाड्याच्या अटींनुसार हे तिकीट परताव्यास पात्र नाही. त्यावर रागाने न लिहिता त्याच पत्राखाली दोन ओळींत उत्तर दिले, की मागणी भाड्याची नसून शुल्कांची आहे, आणि पहिल्या पत्रातील तिसरा परिच्छेद पुन्हा जोडला. सुमारे आठवड्याने परतावा मंजूर झाल्याचे आणि रक्कम एजन्सीच्या खात्यात जमा केल्याचे कळवले गेले. त्या पत्रात रक्कम मात्र लिहिली नव्हती.

एजंटाने पोर्टलवरील आपल्या वॉलेटचा उतारा काढला. त्यात त्या पीएनआरसमोर 944 रुपये आलेले होते. 944 म्हणजे 236 गुणिले चार. सुरक्षा शुल्क आले होते आणि युजर डेव्हलपमेंट फीचे 1,416 रुपये आले नव्हते. ओळवार हिशेब हाताशी नसता, तर “काही तरी परत आले” एवढ्यावर सगळे समाधान मानून बसले असते. रक्कम पाहून ती कोणत्या ओळीची आहे हे ओळखता येणे, हा बिल उतरवून घेण्याचा खरा उपयोग आहे.

उरलेल्या रकमेसाठी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, लिहिले. त्याच्याकडून उत्तर आले नाही, तेव्हा एअरसेवावर तक्रार नोंदवली. तिथे कंपनीचे पहिले नकाराचे पत्र, मंजुरीचे पत्र, जीएसटीचे बिल आणि वॉलेटचा उतारा अशी चार कागदपत्रे जोडली. तक्रारीचा मजकूर एवढाच ठेवला, की कंपनीने नो-शो मान्य करून सुरक्षा शुल्क परत केले आहे, त्यामुळे त्याच कारणाने युजर डेव्हलपमेंट फीही देय आहे. वाद असा अरुंद केल्यामुळे कंपनीला पुन्हा भाड्याच्या अटींमागे जाता आले नाही. काही दिवसांत 1,416 रुपये त्याच वॉलेटमध्ये आले. पहिल्या वेळी ते का वगळले गेले, याचे कारण कंपनीने दिले नाही.

## जीएसटीचे 165 रुपये

मूळ भाडे आणि कंपनीची आकारणी यांवर लागलेला माणशी 165 रुपयांचा जीएसटी मागावा का, यावर बराच विचार झाला, कारण डीजीसीएच्या तरतुदीत ‘सर्व वैधानिक कर’ असे शब्द आहेत आणि वरवर पाहता जीएसटी हा वैधानिक करच आहे. सरांचा आग्रह होता की चौघांचे 660 रुपये का सोडायचे?

आम्ही ते सोडले, आणि त्यामागे ठोस कारण आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या 3 ऑगस्ट 2022 च्या 178/10/2022 या परिपत्रकात असे म्हटले आहे, की परत न मिळणाऱ्या विमान तिकिटाची जप्त झालेली रक्कम ही प्रवासाच्या सेवेसारखीच धरून तिच्यावर त्याच दराने कर लागतो. म्हणजे कंपनीने भाडे ठेवून घेतले की त्या भाड्यावरचा कर सरकारकडे जातो, तो कंपनीच्या हातात उरत नाही. तो मागितला असता तर कंपनीने हे परिपत्रक पुढे केले असते, आणि निर्विवाद असलेले 2,360 रुपयेही त्या वादात अडकले असते. सुरक्षा शुल्क आणि युजर डेव्हलपमेंट फी यांच्यावरील जीएसटी मात्र त्या शुल्कांबरोबरच परत यायला हवा, आणि 236 व 354 या आकड्यांत तो धरलेलाच होता. परताव्यात 200 रुपयेच आले असते, तर 36 रुपयांसाठी पुन्हा विचारणे रास्त ठरले असते.

कंपनीची 100 रुपयांची इतर आकारणीही मागितली नाही. प्रादेशिक जोडणीचा आकार, विमानतळावरील संगणकीय यंत्रणेचा आकार अशी नावे असलेल्या या ओळी बिलावर शुल्कांच्या शेजारीच असतात आणि पाहणाऱ्याला त्या सरकारीच वाटतात. पण डीजीसीएच्या यादीत त्यांचे नाव नाही आणि कंपन्या त्या आपल्या खर्चाच्या वसुलीत धरतात. काही कंपन्या त्यांतील एखादी ओळ परत करतातही. तसे झाले तर ती घ्यावी, पण मागणीचा पाया त्यावर उभारू नये.

## निष्पत्ती

अर्जापासून शेवटची रक्कम येईपर्यंत साधारण दोन महिने गेले. चौघांचे मिळून 2,360 रुपये एजंटाच्या वॉलेटमध्ये आले आणि त्याने ते यूपीआयने सरांना पाठवले. अर्ज थेट कंपनीकडे केल्याने पोर्टलचे सेवाशुल्क लागले नाही. एजंटाने स्वतःचे काही कापले नाही. त्याऐवजी त्याने पत्राचा मसुदा मागून घेतला आणि मागील काही महिन्यांतील आपल्या इतर ग्राहकांचे नो-शो शोधायला बसला. 12,800 रुपयांचे मूळ भाडे, त्यासोबतची आकारणी आणि त्यांवरील कर गेलेच.

## काय वेगळे करता आले असते

मंठ्याच्या अलीकडे गाडी थांबली, तेव्हा उड्डाणाला अडीच तासांहून अधिक वेळ होता आणि कंपनी दोन तास आधीपर्यंत तिकीट रद्द करू देत होती. पाणी उतरेल या आशेवर सर थांबले. त्या क्षणी तिकीट रद्द केले असते तर भाडे वाचले नसते, कारण ते परत न मिळणारेच होते. पण रद्द केलेल्या तिकिटाचे करशुल्क यंत्रणा आपोआप परताव्याला लावते. नंतरचा सगळा पत्रव्यवहार टळला असता. विमान गाठण्याची शक्यता खरोखर संपली आहे की नाही, हे रस्त्यावर बसून ठरवणे अवघड असते, त्यामुळे सरांचे थांबणे समजण्यासारखे आहे. तरी चालकाच्या अंदाजाने विमानतळ गाठायला लागणारा वेळ काउंटर बंद होण्याच्या वेळेपलीकडे गेला होता आणि रद्द करण्याची मुदत तोवर शिल्लक होती. तिथे मोबाइलवरून तिकीट रद्द करणे, किंवा एजंटाला फोन करून करवून घेणे, हाच योग्य निर्णय ठरला असता. वेब चेक-इन झालेले असेल तर आधी ते मागे घ्यावे लागते, आणि त्यासाठी चार-पाच मिनिटे हाताशी ठेवावी लागतात.

भाडे परत मिळण्याजोगे असते, तर हा निर्णय आणखी महत्त्वाचा झाला असता. रद्द करण्याचे शुल्क कंपनी मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेहून अधिक घेऊ शकत नाही. समजा भाडे 6,500 आणि रद्द करण्याचे शुल्क 3,500 असते, तर वेळेत रद्द केल्यास माणशी 3,000 रुपये भाड्यातूनही परत आले असते. तेच नो-शो झाल्यावर फक्त 590 उरतात.

वेब चेक-इन आदल्या संध्याकाळी करणे चुकीचे नव्हते, पण त्यामुळे पोर्टलची गफलत झाली. यावर उपाय चेक-इन टाळणे हा नाही. पहिल्याच पत्रात बोर्डिंगच्या नोंदीचा उल्लेख करणे हा आहे, आणि तो आम्ही केला होता.

तिकीट काढतानाच बुकिंगमध्ये स्वतःचा ईमेल आणि मोबाइल क्रमांक नोंदवायला एजंटाला सांगितले असते, तर पहिले काही आठवडे वाचले असते. बहुतेक एजंट विचारल्यास नकार देत नाहीत, विचारलेच जात नाही एवढेच. रक्कम न झाकलेली प्रत मागण्यात मात्र थोडी कुरबूर होते. तिथे हट्ट करण्याची गरज नाही, कारण कंपनीचे जीएसटीचे बिल पीएनआरवरून नंतरही मिळते. ते लवकर उतरवून ठेवावे हे बरे, कारण प्रवासाची तारीख उलटून बराच काळ गेला की काही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर जुने पीएनआर उघडत नाहीत.

आणि नोडल अधिकाऱ्याच्या उत्तरासाठी आम्ही जेवढे थांबलो, तेवढे थांबण्याची गरज नव्हती. कंपनीच्या पहिल्या नकारानंतर दुसरे पत्र आणि एअरसेवावरील तक्रार एकाच दिवशी करता आली असती. दोन्हीकडे एकच मजकूर आणि तीच कागदपत्रे लागतात, आणि एअरसेवावर तक्रार दाखल झाल्यावर कंपनीचे उत्तर ठरावीक साच्यातले न येता बिलातील ओळींवर येते, असा या प्रकरणातला अनुभव आहे.